नोटीस कुणाच्या नावाने?



मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. वकील नाही, हे आधीच सांगतो. पण आमच्या विषयात "राज्य म्हणजे नेमकं कोण" हा प्रश्न पहिल्याच वर्षी येतो, आणि "कंपनी म्हणजे नेमकं कोण" हा त्याचाच सख्खा भाऊ. पेडण्यात, डिचोलीत, पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत आपल्यातल्या कितीतरी घरांचा पैसा कुठल्या ना कुठल्या कंपनीकडे अडकलेला असतो. कुणाच्या पिकअपचं भाडं, कुणाच्या जेसीबीचे तास, कुणाचा पगार. माणूस शेवटी वैतागून म्हणतो, आता नोटीसच देतो. आणि मग पुढचा प्रश्न येतो, आपल्या भाषेत सांगायचं तर, "नोटीस कोणाक दिवपाची?" आज फक्त ह्याच एका प्रश्नावर बोलणार आहे. नोटिशीत काय लिहायचं, ते वकील सांगेल. वर नाव कुणाचं घालायचं, हे मात्र तुम्ही वकिलाकडे जाण्याआधी स्वतः शोधून नेलंत तर निम्मं काम झालं.

आपल्याला सवय काय आहे? कंपनी म्हटलं की चेहरा डोळ्यासमोर येतो. साइटवरचा मॅनेजर, गाडीतून येणारा मालक, चेकवर सही करणारा साहेब. ज्याच्याशी बोलणं झालं, ज्याने शब्द दिला, त्याच्यावर राग असतो आणि कागदही त्याच्याच नावाने जातो. कायदा वेगळ्या नजरेने बघतो. कंपनी ही स्वतःच एक व्यक्ती आहे. तिचं नाव वेगळं, पत्ता वेगळा, कर्ज वेगळं. साहेब तिच्या वतीने सही करतो, पण देणं तिचं.

ह्यात गफलत झाली तर काय होतं, त्याचं एक खरं उदाहरण आहे. हिमांशु विरुद्ध बी. शिवमूर्ती, सर्वोच्च न्यायालय, १७ जानेवारी २०१९. प्रकरण कर्नाटकातलं. चेक वटला नाही. चेकवर सही एका संचालकाची, पण ती कंपनीच्या वतीने केलेली. ज्याचे पैसे अडकले होते त्याने नोटीस दिली ती त्या संचालकाला. कंपनीला दिलीच नाही, आणि फौजदारी तक्रारीतही कंपनीला आरोपी केलं नाही. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, उच्च न्यायालयाने तक्रार रद्द करायला नकार दिला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. चेक कंपनीचा असेल तर मुख्य आरोपी कंपनी, हे त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये अनीता हाडा प्रकरणात सांगून ठेवलं होतं. मग आता कंपनीला जोडून घेऊ द्या, असं म्हणण्याची सोय का नव्हती? कारण चेकच्या प्रकरणात आधी नोटीस लागते, ती ठरलेल्या मुदतीत लागते, आणि कंपनीला ती गेलीच नव्हती. मुदत कधीची उलटून गेली होती.

आता उलटी बाजू बघा. २०१५ चं कृष्णा टेक्सपोर्ट प्रकरण. तिथे नोटीस कंपनीला गेली होती, संचालकांना वेगळी गेली नव्हती. न्यायालय म्हणालं, कंपनीला दिलेली नोटीस पुरे, प्रत्येक संचालकाला वेगळी देण्याची कायद्यात अट नाही. म्हणजे फक्त संचालकाला दिली तर बुडालात, फक्त कंपनीला दिली तर तरलात. मला वाटतं आपल्या आजच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर ह्या दोन निकालांतच आहे.

आता कंपनीचं नाव शोधायचं कसं? तुम्ही म्हणाल, त्यात काय, फलकावर लिहिलेलंच असतं. इथेच घोळ होतो. माझ्या काकांची पिकअप पेडण्यात एका बांधकाम कंत्राटदाराकडे सहा महिने भाड्याने होती. नाव घेत नाही. शेवटच्या दोन महिन्यांचा चेक मिळाला १ लाख १२ हजारांचा, आणि तो ४ मार्चला परत आला. काकांनी म्हापशाला टायपिंगवाल्याकडून नोटीस लिहून आणली. वर लिहिलं होतं, "मॅनेजर साहेब", खाली साइटवरच्या फलकावरचं नाव, आणि पत्ता म्हणून पत्र्याचं साइट ऑफिस. ती पोस्टात टाकायच्या आधी आम्ही सगळे कागद टेबलावर पसरले. फलकावर एक नाव होतं, समूहाचं, मोठं झगझगीत. कामाच्या ऑर्डरवर दुसरं. चेकवर तिसरं, शेवटी "प्रायव्हेट लिमिटेड" असलेलं.

चेक वटला नसेल तर चेकवरचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण खातं ज्याचं त्यानेच चेक दिला असं कायदा मानतो. सहीच्या वर बारीक अक्षरात "फॉर अमुक प्रायव्हेट लिमिटेड" असं छापलेलं असतं आणि सहीखाली "ऑथराइज्ड सिग्नेटरी". ते छापील नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. "प्रोजेक्ट्स" आणि "प्रोजेक्ट" ह्यांतही फरक असू शकतो. एकाच घराच्या दोन कंपन्या असतात, आणि दोघींच्या नावांत एका अक्षराचं अंतर असतं.

मग कामाच्या ऑर्डरवरचा जीएसटी नंबर बघितला. ह्या नंबरात बरीच माहिती दडलेली असते. पहिले दोन आकडे राज्याचे. ३० म्हणजे गोवा, २७ म्हणजे महाराष्ट्र. काकांच्या ऑर्डरवर २७ होता. काम पेडण्यात, पण नोंदणी पलीकडची. त्या दोन आकड्यांनंतरची दहा अक्षरं म्हणजे त्यांचा पॅन नंबर, आणि पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की समोर कोण आहे. म्हणजे पूर्ण जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर. तिथे C असेल तर कंपनी. P असेल तर एकटा माणूस, मग फलकावर "एंटरप्रायझेस" लिहिलेलं असो की "इन्फ्रा", नोटीस त्या माणसाच्या नावाने जायला हवी, कारण तिथे कंपनी नावाची वेगळी व्यक्तीच नाही. F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी. gst.gov.in वर नंबर टाकून शोधलं की कायदेशीर नाव आणि धंद्याचं नाव वेगवेगळं दिसतं. आपल्याला कायदेशीर नाव हवं असतं. काकांच्या नंबरात सहावं अक्षर C निघालं आणि कायदेशीर नाव चेकवरच्या नावाशी तंतोतंत जुळलं. फलकावरचं नाव नुसतं समूहाचं होतं, त्या नावाची कंपनी ह्या व्यवहारात कुठेच नव्हती.

शेवटचा टप्पा mca.gov.in, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची साइट. तिथे कंपनीच्या नावावरून "मास्टर डेटा" बघता येतो. त्यात कंपनीचा सीआयएन नंबर, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी चालू आहे की नोंदीतून काढून टाकलेली आहे हे, आणि संचालकांची नावं मिळतात. काकांच्या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय पुण्यात निघालं. वकीलसाहेबांनी नोटीस नव्याने लिहिली, वर कंपनीचं पूर्ण नाव, सीआयएन, पुण्याचा पत्ता. परत आलेल्या चेकची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते. बँकेचा मेमो ४ मार्चचाच, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत. आमची २० मार्चला निघाली, २४ ला पुण्यात पोचली. तिथून १५ दिवस कंपनीला पैसे भरायला, आणि तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. हे सगळे दिवस कंपनीला नोटीस मिळाल्यापासून मोजायचे. साइटवरच्या मॅनेजरच्या हातात पडल्यापासून मोजत बसलो असतो तर कुठलाच दिवस पक्का धरता आला नसता.

काकांचं म्हणणं होतं, "अरे, पण पुण्यातल्या त्या ऑफिसात मला कोण ओळखतो? सगळं बोलणं तर इथल्या साहेबाशी झालं." बरोबर आहे. म्हणून एक प्रत साइट ऑफिसलाही टाकली. पण प्रत म्हणून.

नोंदणीकृत कार्यालयालाच एवढं महत्त्व का, ते सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १२ म्हणतं की प्रत्येक कंपनीचं एक नोंदणीकृत कार्यालय असलंच पाहिजे, आणि तिथे आलेला कागद घेऊन त्याची पोच देता आली पाहिजे. कलम २० म्हणतं की कंपनीला कागद बजावायचा तर तो तिथे पोस्टाने, कुरिअरने पाठवता येतो किंवा नेऊन देता येतो. थोडक्यात, तो पत्ता म्हणजे कंपनीचे कान. तिथे दिवे बंद असले, वर्षभर कुणी आलं नसलं, तरी "आम्हाला कळलंच नाही" असं म्हणणं तिला जड जातं. साइट ऑफिस उद्या गुंडाळलं जातं. पत्रा निघतो, कंटेनर ट्रकवर चढतो आणि तुमचं पाकीट "पत्ता सोडून गेले" असा शेरा घेऊन परत येतं.

ह्याच कलम १२ मध्ये आपल्या कामाची एक गोष्ट आहे जी फार कुणी वापरत नाही. कंपनी जिथे जिथे धंदा करते तिथे बाहेर तिचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावलेला हवा, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही हवा. म्हणजे आपल्याकडे देवनागरीत. लेटरहेडवर, बिलावर सीआयएन आणि पत्ता छापलेला हवा. तुमच्याकडच्या एखाद्या साइटवर असा फलक नसेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. "पत्ता चुकीचा होता" असं उद्या त्यांनी म्हटलं तर तो कामाला येतो.

आता डिचोलीकरांसाठी. आपल्याकडे नावांचा गुंता खाणींमुळे जरा जास्तच आहे. डिचोलीत आजही लोक "धेंपोची खाण" म्हणतात. "सेसा" म्हणतात. आणि कागदावर "वेदांता" दिसतं. ह्यातलं कोण कोण? सावकाश बघूया, कारण कंपनी बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं, हे ह्याच्याइतकं दुसरीकडे कुठेच स्पष्ट दिसत नाही.

सेसा गोवा ही कंपनी म्हणून १९६५ ची. २००७ मध्ये तिचे बहुसंख्य शेअर जपानच्या मित्सुईकडून वेदांता समूहाकडे गेले. मालक बदलला, पण कंपनी तीच राहिली. २०१३ मध्ये तिच्यात स्टरलाइट विलीन झाली आणि नाव झालं सेसा स्टरलाइट लिमिटेड. २०१५ मध्ये नाव झालं वेदांता लिमिटेड. तरीही कंपनी तीच. पुढे नोंदणीकृत कार्यालय पणजीच्या पाटो भागातून मुंबईला गेलं. तेव्हा तिचा सीआयएन बदलला, कारण त्या नंबरात राज्याचं नाव असतं. आधीचा आणि नंतरचा एकाखाली एक लिहून बघा:

```
L13209GA1965PLC000044
L13209MH1965PLC291394
```

मधलं GA गेलं आणि MH आलं. शेवटचा नोंदणी क्रमांक बदलला. पण 1965 तसाच आहे. एकाच व्यक्तीने घर बदललं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून सेसा गोवाच्या नावाने झालेला जुना करार असेल तर नोटिशीवर लिहायचं, "वेदांता लिमिटेड, पूर्वीची सेसा गोवा लिमिटेड", आणि पत्ता मुंबईचा. पाटोला पाठवलेली नोटीस कुणीतरी घेईलही, पण मुदत मोजण्याची वेळ आली की वाद घालायला जागा राहते. आणखी एक, लंडनमध्ये वेदांता रिसोर्सेस म्हणून जी आहे ती वेगळी कंपनी, वरची मालक. फेसबुकवर आपली पोरं तिलाच टॅग करतात. टॅग करायला हरकत नाही, पण इथल्या देण्याची नोटीस तिला देऊन काही साधत नाही.

धेंपोची गोष्ट वेगळी. २००९ मध्ये सेसा गोवाने व्ही. एस. धेंपो अँड कंपनी प्रायव्हेट लिमिटेड विकत घेतली, १,७५० कोटींना. विकत घेतली म्हणजे तिचे शेअर घेतले. ती कंपनी तशीच राहिली, फक्त तिचं नाव पुढे सेसा रिसोर्सेस लिमिटेड झालं. समजा २००८ मध्ये त्या कंपनीने एखाद्या ट्रकवाल्याला पैसे द्यायचे होते आणि त्याने २०१० मध्ये नोटीस काढायची ठरवली. कुणाला? धेंपो कुटुंबाला नाही, त्यांनी आपले शेअर विकले. सेसा गोवाला नाही, ती फक्त शेअरधारक. नोटीस त्याच जुन्या कंपनीला, तिच्या नव्या नावाने. धेंपो समूहाच्या बाकीच्या कंपन्या तर ह्या व्यवहारात नव्हत्याच. पैसे मागायची साधारण मुदत ३ वर्षांची असते, म्हणजे आज ते जुनं देणं उकरून उपयोग नाही, पण हिशोब असाच करायचा. आणि २०२३ मध्ये वेदांता लिमिटेडने आपले धंदे वेगवेगळ्या कंपन्यांत विभागण्याची घोषणा केली होती, त्यात लोखंड-पोलाद वेगळं काढायचं होतं. म्हणून कुणीतरी गेल्या वर्षी वापरलेला पत्ता उचलू नका. ज्या दिवशी नोटीस लिहाल त्या दिवशी नोंद बघा.

पेडण्यात ह्याच्या उलट अडचण आहे. तिथे एका नावाखाली खूप कंपन्या आहेत. मोपाचा "मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ" हे ठिकाणाचं नाव आहे, कंपनीचं नाही. तो चालवते ती जीएमआर गोवा इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड, जिला गोवा सरकारने २०१६ मध्ये सवलत करार दिला. पण आत विमानसेवा वेगळ्या, सामान हाताळणारे वेगळे, दुकानं वेगळी, साफसफाईला माणसं पुरवणारे वेगळे. पगार थकलेल्या मुलाने "मॅनेजर, मोपा एअरपोर्ट" असं लिहून पत्र टाकलं तर ते ह्यांतल्या कुणालाच लागू होत नाही. त्याने आपली पगाराची स्लिप आणि बँक पासबुकातली नोंद बघावी, पैसे कुणाच्या खात्यातून आले ते तिथे दिसतं. पहिलं नाव त्या कंत्राटदार कंपनीचं. आणि दुसरं, जिच्या कामावर तो होता त्या मुख्य मालक कंपनीचं, कारण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी तिच्यावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होतं, नव्या कामगार संहितेतही आहे. इथे दोन नावं घालणं बरोबर, कारण कायदाच दोघांकडे बोट दाखवतो.

पण म्हणून सगळ्यांचीच नावं घालायची हा मोह टाळा. काही जण दहा संचालकांना त्यांच्या घरच्या पत्त्यावर नोटिसा पाठवतात, धाक बसावा म्हणून. साध्या पैशाच्या दाव्यात कंपनीचं देणं संचालकाच्या खिशातून येत नाही, मग ती नोटीस फुकट जाते आणि वकिलाची फी वाढते. चेकचं प्रकरण वेगळं, तिथे सही करणाऱ्याला आणि कारभार बघणाऱ्याला कंपनीसोबत आरोपी करता येतं. कंपनीच्या नावाखाली "व्यवस्थापकीय संचालक यांच्यामार्फत" किंवा कंपनी सेक्रेटरी असेल तर "सेक्रेटरी यांच्यामार्फत" असं पदनाम लिहा. माणूस बदलतो, पद राहतं. छोट्या प्रायव्हेट कंपनीत सेक्रेटरी बहुधा नसतोच, तिथे "संचालक यांच्यामार्फत" पुरे.

पाकीट पाठवताना एक लक्षात ठेवा. २०२५ मध्ये जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. काउंटरवर स्पीड पोस्ट नोंदणीसह मागा, पोचीचा पुरावा मागा, आणि पावतीवर पत्ता नीट छापला आहे ना ते तिथेच वाचा. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो, नाकारली तरी. परत आलेलं पाकीट फोडू नका, शेऱ्यासकट तसंच वकिलाकडे द्या.

साधी तक्रार आणि नोटीस ह्यांतही फरक करा. ऑनलाइन मागवलेला मोबाइल बिघडलेला निघाला तर पहिलं पत्र नोंदणीकृत कार्यालयाला नको. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दिलेलं असावं लागतं, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तिथून काही झालं नाही तर मग कंपनीला नोटीस. आणि कंपनी बेंगळुरूची असली म्हणून तुम्हाला बेंगळुरूला जायला लागत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. नोटीस कुठे पाठवायची आणि खटला कुठे चालवायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जाता जाता सीमेवरच्यांसाठी एक. खांबावरून तार पडून म्हैस मेली, तर नोटीस कुणाला? तेरेखोल नदीच्या पलीकडे सावंतवाडी तालुक्यात असाल तर समोर महावितरण, म्हणजे एक कंपनी, नोंदणीकृत कार्यालय मुंबईत वांद्र्याला, प्रकाशगडावर. आतापर्यंत सांगितलेलं सगळं तिथे लागू. अलीकडे पेडण्यात असाल तर वीज खातं हे सरकारचं खातं आहे, कंपनी नाहीच. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० लागतं. नोटीस सरकारच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्याला द्यायची, आणि दावा लावण्याआधी दोन महिने थांबायचं. आणि "सरकारी" हा शब्द ऐकून लगेच कलम ८० कडे धावू नका. कदंबची बस सरकारी म्हणतो आपण, पण कदंब परिवहन महामंडळ लिमिटेड आहे. शेवटचा शब्द बघा. ती कंपनी आहे, आणि तिला नोटीस कंपनीसारखीच द्यायची.